ग्रहणातला पांढरा किरीट

२२ जानेवारी १८९८ रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर इथे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला दुर्बिणी आणि वर्णपटदर्शक मांडून खग्रास सूर्यग्रहणाची वाट पाहत होते. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. चंद्राने सूर्यबिंब झाकले की त्या काळ्या वर्तुळाभोवती मोत्यासारखा पांढरा प्रकाश दिसू लागतो. हाच सूर्याचा किरीट, म्हणजे करोना. तो जळत्या ज्वाळेसारखा लाल नसतो, आकाशासारखा निळाही नसतो. सूर्याचा स्वतःचाच रंग त्याने घेतलेला असतो.

हा बहुतांश प्रकाश किरिटाने निर्माण केलेला नसतोच. चंद्राआड गेलेल्या बिंबाचा प्रकाश वर जाता जाता तिथल्या सुट्या इलेक्ट्रॉनांवर पडतो आणि त्याचा अगदी थोडा भाग आपल्याकडे वळतो. याला विकिरण म्हणतात. सुट्या इलेक्ट्रॉनाकडून ते कसे होते याचा हिशेब इलेक्ट्रॉन शोधणाऱ्या जे. जे. थॉमसन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडला. म्हणून त्याला थॉमसन विकिरण हे नाव पडले.

प्रकाश ही विद्युत-चुंबकीय लाट आहे. ती येते तेव्हा त्या जागी विद्युतक्षेत्र वर-खाली होत राहते, दृश्य प्रकाशात सेकंदाला सुमारे सहाशे लाख कोटी वेळा. तिथे सुटा इलेक्ट्रॉन असेल तर त्याला क्षेत्र एकदा वर ढकलते, एकदा खाली, आणि तो त्याच तालावर डोलू लागतो. विद्युतभार असा मागे-पुढे होऊ लागला की त्याचा कंपन पावणारा द्विध्रुव होतो, म्हणजे एक इवलासा अँटेना. त्वरण असलेला भार प्रारण सोडतो, आणि डोलणाऱ्या इलेक्ट्रॉनाचे त्वरण क्षणोक्षणी बदलत असते. त्यामुळे लाटेकडून घेतलेली ऊर्जा तो त्याच कंप्रतेने चहूकडे फेकतो.

चहूकडे, पण सगळीकडे सारखी नाही. एक पेन्सिल उभी धरा आणि तिच्या लांबीच्या दिशेने वर-खाली हलवा. समोरून पाहणाऱ्याला तिची हालचाल पूर्ण दिसते. तिच्या टोकाच्या अगदी सरळ रेषेत डोळा ठेवणाऱ्याला मात्र फक्त टोकाचा ठिपका दिसतो, आणि तो जागचा हलत नाही. इलेक्ट्रॉनाचेही असेच आहे. आपल्या दृष्टिरेषेला आडवी जेवढी हालचाल असेल तेवढ्याच हालचालीचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतो. द्विध्रुवाच्या अक्षाच्या दिशेने काहीच जात नाही, त्याच्या काटकोनात सर्वाधिक जाते.

आता सगळ्या दिशांना गेलेली ऊर्जा मोजून तिची बेरीज करायची आणि येणाऱ्या लाटेच्या दर चौरस सेंटिमीटरमागच्या शक्तीने तिला भागायचे. उत्तर क्षेत्रफळात येते. लाटेच्या वाटेत इलेक्ट्रॉनाने जणू तेवढ्या आकाराची टिकली धरली आहे आणि तिच्यावर पडेल तेवढा प्रकाश विखुरतो, असा त्याचा अर्थ. हा झाला विकिरणाचा छेद, प्रयोगशाळेतल्या बोलीत क्रॉस सेक्शन. थॉमसन यांच्या सूत्रानुसार तो (८π/३)r² इतका भरतो. यातली r ही लांबी फक्त इलेक्ट्रॉनाचा भार, त्याचे वस्तुमान आणि प्रकाशाचा वेग यांच्यावरून ठरते. ती सुमारे २.८ × १०⁻¹³ सेंटिमीटर आहे, त्यामुळे छेद येतो ६.६५ × १०⁻²⁵ चौरस सेंटिमीटर. वस्तुमान या सूत्रात छेदस्थानी वर्गाने बसते. प्रोटॉन इलेक्ट्रॉनाच्या १८३६ पट जड असल्यामुळे त्याचा वाटा सुमारे चौतीस लाख पटींनी कमी होतो, म्हणून किरिटात तेवढेच प्रोटॉन असूनही प्रकाशाच्या हिशेबात त्यांना धरत नाहीत.

मला या सूत्रात सर्वांत सुंदर वाटते ती त्यात नसलेली गोष्ट. त्यात कंप्रता कुठेच नाही. सुट्या इलेक्ट्रॉनाला क्षेत्र जेवढे ढकलेल तेवढे त्वरण मिळते, मग लाट लाल असो की निळी. अणूत बांधलेल्या इलेक्ट्रॉनाची गोष्ट वेगळी. त्याला जणू स्प्रिंग लावलेली असते, त्यामुळे संथ लाट असो की जलद, तो साधारण तेवढाच सरकतो. पण तेवढेच अंतर जलद तालावर कापायचे तर त्वरण जास्त लागते, आणि निळ्या लाटेचा ताल जलद असतो. हवेतले रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात ते यामुळे. आपले आकाश निळे आणि सूर्याचा किरीट पांढरा, यामागे एवढाच फरक आहे.

हिशेब किरिटाला लावून पाहू. सूर्याच्या कडेच्या थोडे वर, एका घन सेंटिमीटरमध्ये साधारण दहा कोटी इलेक्ट्रॉन असतात. दृष्टिरेषेवर तीन लाख किलोमीटरपर्यंत तशीच दाटी आहे असे धरले, तर एक चौरस सेंटिमीटर जाडीच्या त्या स्तंभात ३ × १०¹⁸ इलेक्ट्रॉन येतात. तेवढ्यांच्या टिकल्या मिळून चौरस सेंटिमीटरचा दहा लाखांत दोन इतका भाग झाकतात. शिवाय त्या जागेवरून पाहिले तर सूर्यबिंब सभोवतालच्या सगळ्या दिशांपैकी सुमारे तीस टक्केच व्यापते. म्हणजे किरिटाचे तेज बिंबाच्या दहालाखाव्या भागाहून थोडे कमी यायला हवे, आणि ग्रहणातल्या मोजमापांतही ते त्याच घरात निघते. खगोलशास्त्रज्ञ हाच हिशेब उलटा करतात, तेज मोजतात आणि त्यावरून इलेक्ट्रॉनांची दाटी काढतात.

इथे मोठा अडथळा धुळीचा. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये पसरलेले धूलिकणही सूर्यप्रकाश विखुरतात, आणि सूर्याच्या केंद्रापासून साधारण तीन त्रिज्यांच्या पलीकडे त्यांचाच प्रकाश वरचढ ठरतो. तो इलेक्ट्रॉनांच्या खात्यात धरला तर दाटी फुगून येते. दोन्ही वेगळे करायची एक खूण वर्णपटात आहे. धुळीच्या प्रकाशात सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा जशाच्या तशा दिसतात. इलेक्ट्रॉनांच्या प्रकाशात त्या नाहीशा होतात, कारण दहा-पंधरा लाख अंश तापमानात इलेक्ट्रॉन सेकंदाला काही हजार किलोमीटर वेगाने सैरावैरा धावतात आणि डॉप्लर परिणामाने प्रत्येकाचा प्रकाश थोडा इकडे, थोडा तिकडे सरकतो. कॅल्शियमच्या ३९३ आणि ३९७ नॅनोमीटरच्या ठळक रेषासुद्धा मिसळून एक उथळ खळगा तेवढा उरतो. पॉट्सडॅमचे वॉल्टर ग्रोट्रियान यांनी १९२९च्या ग्रहणात घेतलेल्या वर्णपटांवरून हे ओळखले.

दुसरी खूण त्या पेन्सिलीची. बिंबाकडून वर येणाऱ्या प्रकाशातले क्षेत्र प्रवासाच्या दिशेला आडवे, दोन तऱ्हांनी डोलते: एक आपल्या दिशेने, दुसरे सूर्याच्या कडेला समांतर. पहिल्या डोलण्याचे फक्त टोक आपल्याकडे असते, त्यामुळे त्यातून काहीच मिळत नाही. आपल्यापर्यंत येते ते दुसरे, म्हणून किरिटाचा प्रकाश कडेला समांतर दिशेत ध्रुवित असतो. मात्र सूर्य बिंदू नाही, आणि दृष्टिरेषेवरचे सगळे इलेक्ट्रॉन काटकोनात नसतात, त्यामुळे ध्रुवण पूर्ण होत नाही. कॅमेऱ्यापुढे पोलरॉइड तीन कोनांत, एकमेकांपासून साठ अंशांवर, ठेवून तीन चित्रे घेतली की ध्रुवित भाग वेगळा काढता येतो. सूर्याजवळ दिसणाऱ्या धुळीचा प्रकाश जवळजवळ अध्रुवित असल्याने तो वजा होतो. बराच दूर गेल्यावर धुळीचा प्रकाशही थोडा ध्रुवित होतो आणि ही युक्ती लटकी पडते.

५ डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्हीने सोडलेली युरोपची प्रोबा-३ ही उपग्रहजोडी आता ग्रहणाची वाट पाहत नाही. एक उपग्रह चंद्राची जागा घेतो आणि दुसरा, दीडशे मीटर मागे त्याच्या सावलीत राहून, पोलरॉइडमधून किरीट टिपतो.