पाकीट उलटं करून पाहा

आम्लपित्ताचा त्रास असलेल्या माणसासाठी किराणा भरताना बहुतेक घरांत पहिली कात्री तिखटाला लागते. मिरची अनेकांना बाधते, हे खरंच. पण अंथरुणावर पडल्यावर छातीत जळजळ आणि घशाशी आंबट पाणी अशी तक्रार असेल, तर तिखट नसलेल्या पाकिटांकडे आणि बाटल्यांकडेही संशयाने पाहायला हवं.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली उतरला की ते आवळतं आणि जठरातलं आम्ल वर येऊ देत नाही. तेलकट-तुपकट खाल्लं की हे कडं सैल पडू शकतं, शिवाय जठर रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो. भरलेलं जठर आणि ढिलं दार घेऊन माणूस आडवा झाला, की पुढचं सांगायला नको. कॉफी, चॉकलेट आणि पुदिनाही काहींच्या बाबतीत हे कडं सैल करतात. त्यामुळे जेवणानंतर ‘पचायला बरी’ म्हणून चघळलेली पुदिन्याची गोळी उलट त्रास देऊ शकते.

साठीच्या पुढच्या एका गृहस्थांचा नेहमीचा दिवस धरून चालू. संध्याकाळी चहाबरोबर चार खाऱ्या, साडेनऊला जेवण, वर अर्धी बाटली जिरा सोडा आणि साडेदहाला झोप. घरात तिखट नावालाही नाही, तरी जळजळ आहेच.

आधी खारीचं पाकीट उलटं करू. पोषणाच्या तक्त्यात ‘टोटल फॅट’ ही ओळ असते. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका खेपेचा, हे आधी बघायचं. खेप २० ग्रॅमची धरलेली असली तर आकडा उगीच लहान दिसतो. खारीत साधारण १०० ग्रॅमला ३० ग्रॅम चरबी धरली, तर ४० ग्रॅमच्या चार खाऱ्यांतून १२ ग्रॅम चरबी पोटात जाते, म्हणजे चहाचे जवळजवळ तीन चमचे तेल. हेच गणित फरसाण आणि तळलेल्या वेफर्सना लावून बघा, आकडे बहुधा आणखी चढे निघतील. ‘भाजलेला चिवडा’ या नावावर विसंबू नये, तक्ताच बघावा. त्यापेक्षा कुरमुरे घरी आणून चमचाभर तेलाच्या फोडणीवर परतावेत किंवा साधा टोस्ट घ्यावा. चहा कडक उकळलेला नको, आणि तो रिकाम्या पोटीही नको.

आता सोडा. तो घेतला की ढेकर येते आणि हलकं वाटतं, म्हणून त्याच्यावर लोकांचा फार विश्वास. पण बाटलीतला वायू जठर फुगवतो, फुगलेलं जठर ते कडं उघडतं, आणि ढेकरेबरोबर आम्लही वर येऊ शकतं. बाटलीवर जिरं, आलं किंवा ‘पाचक’ छापलं म्हणून वायूचं काम बदलत नाही.

फेस नसलेल्या लिंबाच्या आणि फळांच्या पेयांत वायू नसतो, पण आम्ल असतं. घटकांच्या यादीत ‘अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर’ असं वाचून काहींना हे अ‍ॅसिडिटीवरचं औषध वाटतं! तो पदार्थाचा आंबटपणा हवा तसा राखणाऱ्या घटकांचा वर्ग आहे आणि त्याचा तुमच्या पोटाशी संबंध नाही. पुढचा क्रमांक बघावा. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, ३३८ म्हणजे कोलातलं फॉस्फोरिक आम्ल, २६० म्हणजे व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल. मात्र ५०० हा सोडियम कार्बोनेटांचा, म्हणजे खाण्याच्या सोड्याच्या कुळातला क्रमांक आहे, त्यामुळे क्रमांक दिसला की घाबरायचं, असंही नाही. आधीच सोललेल्या अन्ननलिकेवरून आंबट पेय खाली उतरतानाच झोंबतं. टोमॅटो केचपचंही तेच: टोमॅटोचा आंबटपणा आणि वर व्हिनेगर.

मग प्यायला काय? साधं पाणी, थोडं थोडं. ताजं, पातळ, न आंबलेलं ताक अनेकांना चालतं, पण पाकिटातलं मसाला ताक घेताना मिरची-मिऱ्याची नोंद आहे का ते बघावं. थंड दुधाने तात्पुरतं बरं वाटतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल सोडायला लावतात. झोपताना पेलाभर साईचं दूध म्हणूनच नको.

सगळं एकदम बंद केलं तर नेमकं काय बाधत होतं ते कळत नाही. या गृहस्थांनी आधी सोडा आणि खारी दोन आठवडे सोडावी, जेवण साडेसातला आणावं आणि काय खाल्लं, कधी जळजळलं, ते वहीत टिपावं. आराम पडला तर एकच पदार्थ परत आणून पाहावा. एकाला कॉफी बाधते, दुसऱ्याला अजिबात नाही. सर्वांना लागू पडणारी यादी मिळत नाही.

गिळताना घास अडकणं, विनाकारण वजन घटणं, काळी शौच किंवा रक्ताची उलटी असेल तर यादीत फेरफार करत बसू नये, डॉक्टरांकडे जावं. छातीत दाब येऊन तो हातात किंवा जबड्यात पसरत असेल, तर ते पित्त धरून थांबू नये, तडक रुग्णालय गाठावं.