जामीनदाराची सही

रात्री जेवणं आटोपल्यावर धाकटा दीर येतो. "वहिनी, बँकेच्या फॉर्मवर तुमची एक सही हवी आहे. जामीनदार म्हणून. नुसती फॉर्मॅलिटी आहे. पगाराच्या तीन स्लिपा आणि आधारची झेरॉक्स दिली की झालं." वहिनी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहेत. दिराला मोबाइल दुरुस्तीचं दुकान वाढवायचं आहे आणि त्यासाठी तो गावातल्या सहकारी बँकेकडून पाच लाखांचं कर्ज घेतो आहे. दुसरा जामीनदार त्याचा मित्र, किराणा दुकानदार. हा प्रसंग मी नमुन्यादाखल मांडला असला तरी असं बोलणं बहुतेक पगारदारांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. वहिनींनी सही करावी की नाही, हा त्यांच्या घरचा प्रश्न आहे. पण त्या सहीचा अर्थ काय, हे त्यांना आधी कळायलाच हवं.

गैरसमजाचं एक मूळ शब्दातच आहे. 'जामीन' हा शब्द आपण जास्त करून फौजदारी कोर्टाच्या बातम्यांत ऐकतो. तिथला जामीनदार आरोपीला तारखेला हजर ठेवण्याची हमी देतो. आरोपी हजर राहिला, की त्याचं काम झालं. बँकेच्या जामीनदारालाही मग वाटतं, की आपण फक्त माणसाची खात्री दिली आहे. तो गावातच आहे, पळालेला नाही, बँकेनं त्याला धरावं. पण बँकेला दिलेली हमी माणसाची नसते, पैशांची असते. कर्जदार रोज बँकेसमोरून जात असला, तरी त्यानं हप्ते भरले नाहीत तर जामीनदाराला ते भरावे लागतात.

फॉर्मवर कुठे 'श्युअरिटी' लिहिलेलं असतं, कुठे 'गॅरंटर', तर मराठी फॉर्मवर 'जामीनदार' किंवा 'हमीदार'. दोन शब्द पाहून अनेकांना वाटतं, की यातल्या एकाची जबाबदारी कमी असेल. आपल्याकडे तसं नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२६ मध्ये हमीच्या करारात तीन पक्ष सांगितले आहेत: पैसे देणारा धनको, ते घेणारा मूळ ऋणको आणि 'त्यानं दिले नाहीत तर मी देईन' असं वचन देणारा जामीनदार. कायद्यात त्याला श्युअरिटी म्हटलं आहे, बँका गॅरंटर म्हणतात. माणूस तोच आणि जबाबदारीही तीच. खरा फरक शेजारच्या दोन रकान्यांत असतो. 'साक्षीदार' एवढंच सांगतो, की ही सही माझ्यासमोर झाली. 'सहकर्जदार' पहिल्या दिवसापासून स्वतःच कर्जदार असतो. म्हणून आपलं नाव नेमकं कोणत्या रकान्याखाली टाईप केलं आहे, हे सही करण्याआधी बोट ठेवून वाचावं.

आता त्या वचनाचं वजन पाहू. सगळ्यात जास्त घोटाळा 'त्यानं दिले नाहीत तर' या शब्दांमुळे होतो. आपण त्याचा अर्थ असा लावतो, की बँकेनं आधी कर्जदारावर दावा करायचा, त्याचं दुकान विकायचं, आणि तरीही कमी पडलं तर आपल्याकडे यायचं. कलम १२८ मात्र सांगतं, की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. 'बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद' या खटल्यात खालच्या न्यायालयानं बँकेला सांगितलं होतं, की आधी कर्जदाराकडून वसुलीचे मार्ग संपवा, मग जामीनदाराकडे जा. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अट काढून टाकली. धनकोला थांबायला लावलं तर हमी घेण्याचा उद्देशच उरत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. तेव्हापासून हे पक्कं आहे, की जामीनदार रांगेत कर्जदाराच्या मागे उभा नसतो. कर्ज थकलं की तो त्याच्या शेजारी उभा असतो.

वहिनींच्या उदाहरणात आकडे घालून पाहू. पाच लाख रुपये, व्याज वार्षिक बारा टक्के, मुदत पाच वर्षं. महिन्याचा हप्ता सुमारे ११,१२२ रुपये येतो. दिरानं दीड वर्ष, म्हणजे अठरा हप्ते, वेळेवर भरले असं धरू. एकूण दोन लाख रुपये भरले, म्हणून सगळ्यांना वाटतं, की आता तीन लाख उरले. पण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे मुद्दल अजून सुमारे ३,८०,००० रुपये बाकी असतं. मग दुकान बसतं आणि हप्ते थांबतात. नव्वद दिवसांहून अधिक थकलं की खातं एनपीए होतं. वर्षभर काहीच भरलं नाही तर त्या बाकीवर व्याज चढून आकडा ४,२८,००० च्या आसपास जातो. दंड आणि वसुलीचा खर्च त्याहून वेगळा.

आता बँक कोणाकडे वळेल? दिराचं दुकान बंद आहे. मित्राचं उत्पन्न रोखीचं, कागदावर फारसं न दिसणारं. वहिनींचा पगार मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला जमा होतो. जामीनदार म्हणून पगारदार माणूस मागतात, त्याचं कारण हेच.

महाराष्ट्रात नोंदलेल्या सहकारी बँकेला किंवा पतसंस्थेला यासाठी दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षं दावा चालवावा लागत नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली ती निबंधकाकडे अर्ज करते. कर्जदार आणि दोन्ही जामीनदार यांना नोटिसा निघतात, चौकशी होते आणि वसुली दाखला मिळतो. त्या दाखल्यावर वसुली अधिकारी जप्तीची कारवाई सुरू करू शकतो. फॉर्मसोबत पगार कपातीच्या संमतीपत्रावरही सही केलेली असेल, तर शाळेच्या कार्यालयात कपातीचं पत्र येऊ शकतं.

याच टप्प्यावर जामीनदाराच्या हातून सर्वात महाग चूक होते. 'कर्ज माझं नाही, मला कशाची नोटीस?' असं म्हणून तो पाकीट बाजूला ठेवतो आणि तारखेला जात नाही. खरं तर हिशेब तपासून घेण्याची जागा तीच असते. खातेउतारा मागायचा, भरलेले हप्ते सगळे जमा दिसतात का, व्याजाचा दर करारातलाच आहे का, सही आपलीच आहे का, हे पाहायचं आणि हरकत लेखी द्यायची. दाखला निघून गेल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा असेल तर कलम १५४ नुसार येणे रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आपल्या उदाहरणात ती दोन लाखांहून अधिक होते.

"पण आम्ही दोघं जामीनदार आहोत, माझी जबाबदारी निम्मीच ना?" हा नेहमीचा प्रश्न. बँकेपुरतं त्याचं उत्तर 'नाही' असं आहे. हमीपत्रात 'संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे' असे शब्द असतात. त्यांचा अर्थ, बँक सगळी रक्कम एकाकडूनही घेऊ शकते. निम्म्याचा हिशेब जामीनदारांनी आपसात करायचा असतो. वहिनींकडून पूर्ण ४,२८,००० वसूल झाले तर कलम १४६ नुसार त्या मित्राकडून २,१४,००० मागू शकतात. आणि कलम १४५ नुसार, कर्जदारासाठी रास्तपणे भरलेली सगळी रक्कम दिराकडून मागण्याचाही हक्क त्यांना आहे. भरलेलं कर्ज फिटल्यावर त्या बँकेच्या जागी उभ्या राहतात. बँकेकडे दुकानातली यंत्रं तारण असतील तर त्या तारणावरचा बँकेचा हक्क त्यांच्याकडे येतो.

हे हक्क बजावायचे तर पुरावा हवा. म्हणून जामीनदारानं पैसे कधीही कर्जदाराच्या हातात देऊ नयेत. ते थेट कर्जखात्यात भरावेत, पावतीवर 'जामीनदारामार्फत' असं लिहून घ्यावं आणि शेवटी येणे बाकी नसल्याचा दाखला व तारणाची कागदपत्रं मागावीत.

हमीपत्र लांबलचक आणि बारीक अक्षरातलं असतं. त्यातली दोन कलमं तरी शोधून वाचावीत. पहिलं मुदतवाढीचं. कायद्यानं जामीनदाराला थोडं संरक्षण दिलेलं आहे: त्याच्या संमतीशिवाय बँकेनं कर्जाच्या अटी बदलल्या तर त्यानंतरच्या व्यवहारांच्या जबाबदारीतून तो सुटतो. पण बहुतेक हमीपत्रांत आधीच लिहिलेलं असतं, की बँकेनं मुदत वाढवली, अटी बदलल्या, तरी माझी हमी कायम राहील. अशी संमती न्यायालयं मान्य करतात. म्हणजे त्या सहीनं संरक्षण आपणच सोडून देतो.

दुसरं कलम 'चालू हमी'चं. ठरावीक हप्त्यांच्या कर्जात शेवटचा हप्ता भरला की हमी संपते. कॅश क्रेडिटचं तसं नाही. त्या खात्यात पैसे भरले जातात, पुन्हा उचलले जातात, दरवर्षी नूतनीकरण होतं आणि हमी त्या सगळ्याला चिकटून राहते. खातं एकदा शून्यावर आलं म्हणून जामीनदार सुटत नाही. पुढच्या व्यवहारांसाठी हमी बंद करायची तर बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी लागते, आणि तोवर उचललेल्या रकमेची जबाबदारी राहतेच. हप्त्याच्या कर्जात तर 'माझं नाव काढा' असं पत्र दिल्यानं काहीच होत नाही. बँकेला पटेल असा दुसरा जामीनदार मिळून बँकेनं लेखी मोकळीक दिली, तरच नाव निघतं. मृत्यूनंतरही ही बाकी मिटत नाही. वारसांना मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत ती वसूल होऊ शकते.

म्हणून जे काही मागायचं, ते सहीच्या आधी. कलम १२८ मध्येच 'करारात वेगळं ठरलं नसेल तर' असे शब्द आहेत, याचा अर्थ वेगळं ठरवता येतं. 'माझी हमी जास्तीत जास्त दोन लाखांपुरती' अशी मर्यादा लिहून मागता येते. बँक ती नाकारू शकते, पण मग नाही म्हणण्याचा मार्ग आपल्याला मोकळा असतो. रकमेचा, व्याजदराचा, मुदतीचा रकाना कोरा असेल तर सही करू नये. कोरे धनादेश देऊ नयेत. सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागावी आणि फोटो काढून ठेवावा.

सही झाल्यावरही लक्ष ठेवता येतं. हे कर्ज जामीनदाराच्या सिबिल अहवालातही दिसतं. दिराचे हप्ते थकले की उद्या वहिनींच्या मुलीच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी तो प्रश्न समोर येऊ शकतो. हा अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. तो वेळीच पाहिला तर थकबाकी पहिल्या-दुसऱ्या हप्त्यालाच कळू शकते. तेव्हा बाकी वीस-बावीस हजारांची असते आणि घरात बसून बोलता येतं.

वहिनींनी त्या रात्री दिराला एवढंच विचारलं, तरी पुरे: "मंजुरीपत्र आण, दुसरा जामीनदार कोण ते सांग आणि हप्ता कोणत्या तारखेला जाणार ते लिहून दे." मग स्वतःशी एक हिशेब करावा. दुकान चाललं नाही आणि हे सगळे पैसे मला भरावे लागले, तर घर मोडल्याशिवाय मी ते भरू शकेन का? उत्तर 'हो' असेल तर समजून-उमजून सही करावी. 'नाही' असेल तर नकार आजच द्यावा. आजचा नकार दिराला चार दिवस टोचेल. पगारातून कपात सुरू झाल्यावर मात्र त्या घरातलं दिवाळीचं ताटही एकत्र वाढलं जाणार नाही.