पन्नास जणांना विचारलं, मग महाराष्ट्राबद्दल बोलता येईल का?

एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू.चा लघुशोधप्रबंध उघडला की शेवटच्या प्रकरणात ठरलेलं एक वाक्य भेटतं: ‘प्रस्तुत संशोधनावरून असे दिसून येते की महाराष्ट्रातील बहुतांश महाविद्यालयीन युवक...’ चार पानं मागे गेलं की कळतं, माहिती एकाच महाविद्यालयातल्या पन्नास मुलांकडून घेतलेली आहे. ती मुलं कशी निवडली, याला एक ओळ मिळालेली असते: ‘रँडम पद्धतीने.’ प्रत्यक्षात जो समोर आला त्याला फॉर्म दिलेला असतो. सगळ्या प्रबंधाचं वजन या एका ओळीवर असतं, आणि व्हायवात तिच्याबद्दल क्वचितच कुणी विचारतं, ही मला गंभीर गोष्ट वाटते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका महाविद्यालयात 2400 विद्यार्थी आहेत आणि समाजशास्त्राच्या एका विद्यार्थिनीला जाणून घ्यायचं आहे की त्यांतले किती जण शिकता शिकता पैशांसाठी काम करतात. सगळ्यांना विचारणं शक्य नाही, म्हणून नमुना घ्यायचा. तो कसा घेतला यावर शेवटी तिला काय लिहिता येईल ते ठरतं.

सर्वांत सोपं म्हणजे साडेअकराला कँटीनमध्ये जाऊन बसायचं आणि फॉर्म भरून घ्यायचे. हा सोयीचा नमुना. इथली अडचण तिच्या प्रश्नातच आहे. जो मुलगा बारा वाजता दुकानात हजर होतो, तो साडेअकराला कँटीनमध्ये थांबेल कशाला? तास संपताच तो बस पकडतो. म्हणजे ज्यांना मोजायचं तेच नमुन्यातून गळतात आणि काम करणाऱ्यांचं प्रमाण खऱ्यापेक्षा कमी दिसतं. हेच फॉर्म तिने संध्याकाळी एखाद्या मॉलच्या दाराशी भरून घेतले असते, तर तिथे कामाला असलेली मुलं जास्त भेटून प्रमाण फुगलं असतं. नमुना नेमका कुठे झुकला आहे, हे इथे विषय साधा म्हणून ओळखता येतं. बहुतेक वेळा तेही कळत नाही.

यावर विद्यार्थ्यांचं ठरलेलं उत्तर असतं की आपण संख्या वाढवू. गूगल फॉर्म व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू, पाचशे-सहाशे उत्तरं येतील. पण संख्येने झुकाव जात नाही. याचा सर्वांत मोठा दाखला 1936 सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचा आहे. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या. त्यावरून त्यांनी आल्फ्रेड लँडन जिंकणार असं जाहीर केलं. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांना जवळपास 61 टक्के मतं मिळाली आणि 48 पैकी 46 राज्यं त्यांनी जिंकली. साप्ताहिकाने पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारधारकांच्या याद्यांमधून घेतले होते, आणि मंदीच्या त्या काळात या दोन्ही गोष्टी तुलनेने सुस्थितीतल्या घरांत होत्या. शिवाय ज्यांनी मतपत्रिका परत पाठवण्याचे कष्ट घेतले, ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट येणार हे बरोबर सांगितलं होतं.

म्हणून कँटीनमधल्या फॉर्मवरून तिला एवढंच म्हणता येईल: ‘मी ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी इतके जण काम करतात.’ ‘महाविद्यालयातील 22 टक्के विद्यार्थी’ असं म्हणता येणार नाही. प्रबंधांत या फॉर्मवर काय-स्क्वेअर किंवा टी चाचणी लावून ‘फरक सार्थ आहे’ असं लिहिलेलं असतं. ते गणित नमुना चिठ्ठ्या टाकून निघाल्यासारखा आहे असं धरून चालतं. तो तसा निघालेला नसेल, तर 2400 जणांबद्दल बोलण्याचा अधिकार त्या आकड्यातून मिळत नाही.

तरीही सोयीचा नमुना टाकाऊ नाही. प्रश्नावली तपासायला तो उत्तम. ‘तुम्ही काम करता का?’ असं विचारलं, तर वडिलांच्या दुकानात रोज चार तास बसणारा मुलगा ‘नाही’ म्हणतो. घरी ब्लाउज शिवून देणारी मुलगीही ‘नाही’ म्हणते, कारण त्याला ती काम समजत नाही. हे पहिल्या वीस जणांतच उघड होतं आणि प्रश्न बदलता येतो: ‘गेल्या सात दिवसांत पैसे मिळवण्यासाठी किंवा घरच्या धंद्यात, शेतात किती तास दिले?’ आकड्याचा प्रश्न मात्र तिथे सुटत नाही.

आकड्यासाठी यादी लागते. कार्यालयातून प्रवेशाची यादी घ्यायची, प्रवेश रद्द केलेल्यांची नावं काढायची, दोनदा आलेली नावं एकदाच ठेवायची आणि 1 ते 2400 क्रमांक द्यायचे. मग संगणकावर `=RANDBETWEEN(1,2400)` हे सूत्र वापरून, पुन्हा आलेले आकडे सोडत, 200 क्रमांक काढायचे. इथे प्रत्येकाला निवडलं जाण्याची संधी सारखीच, बारातून एक, आणि कोण येणार हे ना तिच्या मर्जीवर, ना त्याच्या. मनाने ‘कुठलेही’ आकडे घेतले तर माणूस नकळत काही आकडे टाळतो. म्हणूनच 1927 मध्ये एल. एच. सी. टिपेट यांनी जनगणनेच्या अहवालांतून घेतलेल्या 41,600 अंकांचं कोष्टक छापलं होतं. संगणकाआधी संशोधक अशाच कोष्टकांवर अवलंबून असत.

चिठ्ठ्या निघाल्या म्हणजे काम झालं असं नाही; खरी मेहनत नंतर आहे. समजा, आठवडाभर वर्गावर्गांत जाऊन 200 पैकी 160 जण भेटले आणि त्यांतले 48 काम करतात. म्हणजे 30 टक्के. उरलेले 40 वर्गात येतच नाहीत. इथे सगळ्यात मोठा मोह होतो: त्यांच्या जागी दुसरे 40 जण घ्यावेत. तसं केलं की नमुना पुन्हा सोयीचा होतो, कारण बदली मुलं वर्गात सापडणारीच असतात. आपल्याकडच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं समन्वयन मुंबईतली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. त्यात आधी निवडलेल्या वस्तीतल्या घरांची यादी बनते, तिच्यातून ठरावीक घरं निघतात, आणि घराला कुलूप दिसलं तर शेजारचं घर घ्यायची मुभा नसते. त्याच घरी पुन्हा जावं लागतं.

आपली विद्यार्थिनीही तसंच करते. रात्री नऊनंतर फोन, रविवारी भेटी. चाळीसांतले 30 सापडतात आणि त्यांतले 18 काम करतात. पहिल्या 160 मध्ये प्रमाण 30 टक्के होतं, या तिसांत ते 60 आहे. म्हणजे न सापडणारे खरोखरच वेगळे होते. आता एकूण 190 पैकी 66, जवळपास 35 टक्के. 2400 जणांतून 190 घेतल्यामुळे निव्वळ योगायोगाने पडणारा फरक साधारण साडेसहा टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे असू शकतो, म्हणून ती लिहिते: 28 ते 41 टक्क्यांच्या दरम्यान. उरलेल्या दहा जणांचंही ती लपवत नाही. ते दहाही काम करत नसतील तर दोनशेंत प्रमाण 33 टक्के, सगळेच करत असतील तर 38.

या आकड्यालाही कुंपण आहेच. तो या महाविद्यालयाचा, या वर्षाचा आहे. शेजारच्या गावातल्या महाविद्यालयाबद्दल त्यातून काही कळत नाही, कारण ते यादीत नव्हतंच. आणि काम करणाऱ्यांचे गुण कमी आढळले, तरी ‘कामामुळे गुण कमी होतात’ असं म्हणता येणार नाही. ज्यांच्या घरी पैशांची ओढाताण आहे तेच कामाला जातात, आणि तीच ओढाताण अभ्यासाच्याही आड येते. निवड कितीही काटेकोर असली तरी कारण सिद्ध करणं हे वेगळं काम आहे.

समजा आता तिला रात्रपाळी करणाऱ्या मुलांशी सविस्तर बोलायचं आहे. अशांची यादी कुठेच नसते. दोनशेंत ती जेमतेम सात-आठ निघतील, आणि हजेरी जाईल या भीतीने काही जण सांगणारही नाहीत. इथे ओळखीतून ओळख काढत जाण्याला, म्हणजे स्नोबॉल पद्धतीला, पर्याय उरत नाही. भेटलेल्या मुलाकडून मित्राचा नंबर मागू नये. आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी त्याच्याकडे द्यावी, म्हणजे बोलायचं की नाही हे मित्र स्वतः ठरवेल.

समजा, पार्सल पोचवणाऱ्या दोन मुलांपासून तिने सुरुवात केली. पंचवीस मुलाखती झाल्या, त्यांत बावीस जण दुचाकीवर माल पोचवणारे आणि मुलगी एकच. ‘रात्री काम करणारी मुलं प्रामुख्याने डिलिव्हरीत आहेत’ हे वाक्य आता तिच्या जिभेवर येईल, आणि ते चुकीचं असेल. डिलिव्हरीवाला डिलिव्हरीवाल्यालाच ओळखतो. रुग्णालयात रात्री मदतनीस म्हणून थांबणारी मुलगी त्या साखळीत येणार कुठून? शिवाय ज्याच्या ओळखी जास्त, त्याच्यापर्यंत साखळी लवकर पोचते. एकटा राहणारा मुलगा सुटतो.

म्हणून कोणी कोणाला पाठवलं याची नोंद क्रमांकांनी ठेवायची. तो आराखडा कागदावर काढला की सगळ्या फांद्या दोनच मुळांकडे जातात हे डोळ्यांना दिसतं. मग वसतिगृह, रुग्णालय, पेट्रोल पंप, हॉटेल अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून नव्या साखळ्या सुरू करायच्या. ‘आता नवं काही निघत नाही’ असं एका साखळीत वाटू लागलं, तर ती त्या साखळीपुरतीच गोष्ट असते.

संख्याशास्त्रज्ञ लिओ गुडमन यांनी 1961 मध्ये या पद्धतीवर निबंध लिहिला तेव्हा त्यांची साखळी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या माणसांपासून सुरू होत होती. गणित त्यावर उभं होतं. सुरुवातीची ती अट विद्यार्थ्यांच्या वापरात बहुधा उरलेली नाही. पुढे 1997 मध्ये डग्लस हेकाथॉर्न यांनी प्रत्येकाने किती जणांना आणायचं यावर मर्यादा घातली, आणि नंतर प्रत्येकाच्या ओळखी किती हे विचारून त्यानुसार उत्तरांना वजन देण्याची रीत मांडली. त्यालाही बरीच गृहीतकं लागतात आणि पंचवीस मुलाखतींत ते जमत नाही.

त्या पंचवीस मुलाखतींतून तिला मिळेल ते टक्केवारीत बसणारं नाही: काम कोणामार्फत मिळतं, पगार कापला जातो तो कोणत्या कारणाने, सकाळच्या प्रात्यक्षिकाला मित्र कसा सांभाळून घेतो, घरच्यांना काय सांगितलेलं असतं. ‘असंही घडतं आणि ते या वाटेने घडतं’ एवढं ती ठामपणे लिहू शकते. ‘बहुतांश’, ‘सर्वसाधारणपणे’, ‘टक्के’ हे शब्द त्या प्रकरणातून काढावे लागतील. किती जण काम करतात यासाठी वाचकाला तिने 190 जणांच्या प्रकरणाकडे पाठवावं. आणि प्रबंधाच्या शीर्षकातल्या ‘महाराष्ट्रातील महाविद्यालयीन युवक’ यांच्या जागी त्या एका महाविद्यालयाचा प्रकार, तालुका आणि शैक्षणिक वर्ष लिहावं.