पेरणी यंत्राचा ‘चार नंबर’ आणि एकरी तीस किलो

मृगाचा पाऊस झाला, जमिनीला वाफसा आला की गावात ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राला उसंत नसते. आज या शिवारात, उद्या त्या. यंत्र भाड्याचं, चालवणारा दुसऱ्याचा, बियाणं मात्र शेतकऱ्याचं. सोयाबीन म्हटलं की चालक पेटीवरचा खटका ‘चार नंबर’वर आणतो आणि निघतो. हा चार नंबर म्हणजे किलो नव्हेत. तो फक्त एवढंच सांगतो की पेटीच्या तळाशी असलेल्या खाचांच्या रोलरचा किती भाग बियाण्याला उघडा आहे. त्यातून एकरी पंचवीस किलो पडेल की छत्तीस, हे दाण्याच्या आकारावर, बीजप्रक्रियेच्या थरावर, रोलरच्या झिजेवर आणि चाक जमिनीवर कसं फिरतं त्यावर ठरतं. म्हणून पेरणीआधी यंत्राची मोजणी करायची. दोन माणसं, एक वजनकाटा, एक टेप आणि तासाभराचा वेळ असला की ती होते.

सोयाबीनची नेहमीची शिफारस हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो. या आकड्यामागे एक हिशेब आहे. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर ७५ किलोत सव्वासहा लाख दाणे होतात. उगवण ७० टक्के असली तर त्यातून सुमारे ४ लाख ४० हजार रोपं उभी राहतात. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवलं तर हेक्टरात नेमकी एवढीच रोपं मावतात. तुमचं घरचं बियाणं जाड असेल, शंभर दाणे १५ ग्रॅम भरत असतील, तर तेवढ्याच किलोत दाणे लाखाहून अधिक कमी होतात. तेव्हा आधी शंभर दाणे मोजून वजन करा, गोणपाटात उगवण तपासा आणि किती किलो पेरायचं ते ठरवा. यंत्र त्यानंतर.

आता चाकाकडे वळू. यंत्राच्या बाजूचं जमिनीवर टेकलेलं चाक साखळीनं रोलर फिरवतं. चाक फिरलं तरच बी पडतं. पुष्कळ जण चाकाचा व्यास मोजतात, परीघ काढतात आणि त्यावर पुढचा हिशेब करतात. इथेच चूक होते. भुसभुशीत जमिनीत चाक पूर्ण फिरत नाही, थोडं घसटत जातं. चाक एक फेरा पूर्ण करतं तोवर यंत्र परिघापेक्षा जास्त पुढे गेलेलं असतं आणि तेवढ्या जास्त जमिनीवर तेवढंच बी पसरतं. त्यामुळे अंतर मोजायचं ते शेतात, पेटी भरलेली असताना, फण जमिनीत असताना. चाकाला खडूनं खूण करा, ट्रॅक्टर पेरणीच्या वेगानं चालवा आणि दहा फेऱ्यांत किती मीटर कापले ते टेपनं मोजा.

एक उदाहरण पाहू. पाच फणांचं यंत्र आहे, दोन फणांत ४५ सेंटिमीटर, म्हणजे पेरणीची रुंदी सव्वादोन मीटर. चाकाचा परीघ १.३२ मीटर, शेतात मात्र दहा फेऱ्यांत १४.२ मीटर अंतर भरलं. वीस फेऱ्यांत २८.४ मीटर. गुणिले सव्वादोन, म्हणजे जवळपास ६४ चौरस मीटर जमीन. हेक्टरी ७५ किलो म्हणजे चौरस मीटरला साडेसात ग्रॅम, तेव्हा वीस फेऱ्यांत पाचही नळ्यांतून मिळून ४८० ग्रॅम बी पडायला हवं. फक्त परिघावर हिशेब केला असता तर ४४५ ग्रॅमवरच थांबलो असतो आणि रानात एकरी दोन किलो बी कमी पडलं असतं.

मग यंत्र लिफ्टनं उचला, खाली ठोकळे देऊन पक्कं टेकवा. पेटी किमान अर्धी भरा आणि बी तेच घ्या जे पेरायचं आहे, बीजप्रक्रिया करून सावलीत सुकवलेलं. औषध लावलेलं बी खडबडीत होतं, ते कोऱ्या बियाण्यासारखं ओघळत नाही. हातमोजे घाला. प्रत्येक नळीला एकेक पिशवी बांधा. खाचा भराव्यात म्हणून चाक आधी दोन-चार वेळा फिरवा आणि ते बी परत पेटीत टाका. मग मोजून वीस फेरे द्या. तासाला चार किलोमीटरच्या वेगाला हे फेरे साधारण पंचवीस सेकंदांत होतात. हातानंही तोच वेग ठेवा.

प्रत्येक पिशवी वेगळी तोला, हा माझा आग्रह आहे. आपल्या उदाहरणात पिशव्या भरल्या ११८, ११५, ८८, १२१ आणि ११८ ग्रॅम. एकूण ५६०. नुसती बेरीज पाहणारा खटका थोडा कमी करून मोकळा होईल. पण तिसरी ओळ विरळ आहे आणि ती शेवटच्या तासापर्यंत विरळच राहील. कारण बहुधा किरकोळ असतं: गोणीचा सुतळीचा तुकडा रोलरपाशी अडकलेला, नळी मुरगळलेली, किंवा रोलर दांड्यावर सरकून कमी उघडा राहिलेला. ते दुरुस्त केल्यावर तिसरी पिशवी ११७ भरली आणि एकूण झाले ५८९ ग्रॅम, म्हणजे हेक्टरी ९२ किलो. आता खटका. रोलर १६ मिलिमीटर उघडा होता. ४८० भागिले ५८९ या प्रमाणात तो १३ मिलिमीटरवर आणला. पुन्हा वीस फेरे दिले तेव्हा ४८४ ग्रॅम पडलं. हेक्टरी ७६ किलोच्या आत. इथे थांबायचं. पिशवीतल्या बियाण्यात फुटलेल्या डाळी दिसतात का तेही पाहा. सोयाबीनचं साल नाजूक असतं आणि रोलरनं फोडलेला दाणा वजनात भरतो, उगवत मात्र नाही.

खताच्या पेटीचीही मोजणी याच वीस फेऱ्यांवर होते. हेक्टरी ६० किलो स्फुरद डीएपीतून द्यायचं तर १३० किलो डीएपी लागतं, म्हणजे आपल्या ६४ चौरस मीटरला साधारण ८३० ग्रॅम. फरक एवढाच की खत हवेतला ओलावा ओढतं. दमट हवेत सकाळी मोजलेलं खत दुपारी पेटीत चिकटू लागतं, म्हणून दिवसातून एकदा तरी पिशव्या लावून पाहा आणि संध्याकाळी पेटी रिकामी करून पुसून ठेवा. खत बदललं, डीएपीऐवजी सुपर फॉस्फेट आलं, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

शेतात शिरल्यावरही हिशेब बदलू शकतो. काळी माती ओली असली तर चाकाच्या धावेवर चढते, चाक मोठं होतं, फेरे कमी होतात आणि बी कमी पडतं. ढेकळांवर चाक उचललं गेलं तर तेवढ्या जागेत ओळीत तूट पडते. त्यासाठी चाकावरचा स्प्रिंगचा दाब तपासावा लागतो. पहिले दहा गुंठे पेरून झाले की थांबा. तेवढ्यात साडेसात किलोच्या आसपास बी गेलं पाहिजे. पेटीत तोलून ओतलेलं असेल तर किती उरलं यावरून लगेच कळतं. शंका आली तर एका ओळीची मीटरभर माती हलकेच बाजूला करा: १२ ग्रॅमच्या बियाण्याचे अठ्ठावीसएक दाणे दिसायला हवेत. आठ-दहा दिवसांनी त्याच मीटरभर ओळीत वीसच्या जवळपास रोपं उभी असली तर खटक्याची ती जागा, वाणाचं नाव आणि शंभर दाण्यांचं वजन यंत्राच्या पेटीवर रंगानं लिहून ठेवा. रब्बीत हरभरा पेरायला हेच यंत्र आलं की त्याच्याखाली दुसरी ओळ लागेल.