मराठीत पक्की, गणितात कच्ची : अशी मुले किती?

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो, हे आता नवे राहिलेले नाही. २०२४ साली तर विभागाचा निकाल ९९.०१ टक्के लागला. सावंतवाडी तालुक्यातील आंबोलीसारख्या घाटमाथ्यावरच्या गावातही मग पेढे वाटले जातात आणि ते योग्यच आहे. पण जवळजवळ सगळेच पास होतात, तेव्हा 'पास-नापास' या रकान्यातून कोणाला कसली मदत हवी ते कळत नाही. त्यासाठी दोन विषयांचे गुण एकमेकांसमोर मांडावे लागतात. पालक सभेत हा तक्ता मागावा, असे आम्ही वाचक माता-पित्यांना सांगतो.

सरासरीवर विसंबू नका. एका मुलीला ८० पैकी मराठीत ६० आणि गणितात २८ गुण आहेत, दुसरीला दोन्हींत ४४. बेरीज दोघींची ८८च. प्रगतिपुस्तकावर त्या सारख्या दिसतात, पण अकरावीला विज्ञान घ्यायचे की नाही, या प्रश्नापाशी त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

गुण लेखी परीक्षेचेच घ्यावेत. दहावीला या दोन्ही विषयांत ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. अंतर्गत गुण देताना शाळांचा हात बहुधा सैल असतो. १०० पैकी ४३ मिळालेल्या मुलाचे १८ गुण अंतर्गत असतील, तर लेखीत उरले २५, म्हणजे ३१ टक्के. एकूण गुणांत हे झाकले जाते.

आता पट्टे पाडायचे. बोर्डाच्या श्रेणीच्या रेषा ६० आणि ४५ टक्क्यांवर आहेत. ८० गुणांत त्या ४८ आणि ३६ वर येतात. समजण्यासाठी ८० मुलांची एक तुकडी कल्पू या. आकडे आम्हीच बसवलेले आहेत.

| मराठी ↓ गणित → | ४८ व वर | ३६ ते ४७ | ३६ च्या खाली | एकूण |
|---|---|---|---|---|
| ४८ व वर | १८ | ९ | ९ | ३६ |
| ३६ ते ४७ | ५ | १२ | ११ | २८ |
| ३६ च्या खाली | १ | ५ | १० | १६ |
| एकूण | २४ | २६ | ३० | ८० |

पहिल्या ओळीतील उजवीकडचे ९, ही मराठीत पक्की आणि गणितात कच्ची मुले. उलट बाजूचे मूल एकच. संगणकावर मराठीचे गुण B आणि गणिताचे C रकान्यात असतील, तर ९ हा आकडा असा निघतो :

```
=COUNTIFS(B2:B81,">=48",C2:C81,"<36")
```

नऊही घरांची बेरीज पटावरच्या संख्येशी जुळलीच पाहिजे. गैरहजर मुलापुढे शून्य लिहिले असेल तर ते कच्च्यात मोजले जाते आणि 'गैरहजर' असा शब्द लिहिला असेल तर ते तक्त्यातून गळते. अशी मुले आधीच बाजूला काढावीत.

खरी गंमत टक्केवारीत आहे. मराठीत पक्क्या ३६ पैकी ९, म्हणजे २५ टक्के गणितात कच्ची आहेत. पण गणितात कच्च्या ३० पैकी तीच ९ म्हणजे ३० टक्के. प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरेही वेगळी. घरी उर्दू किंवा कोकणी बोलली जाते, म्हणून मुलाला गणितातली शाब्दिक उदाहरणे कळत नाहीत, असे आमच्या कानावर नेहमी येते. काहींच्या बाबतीत ते खरे असेलही. मात्र या ९ जणांना ते कारण लावणे कठीण आहे. मराठी त्यांना चांगले येते. त्यांच्या उत्तरपत्रिकांत अपूर्णांक, ऋण चिन्हे, समीकरणे कुठे अडतात ते पाहावे लागेल. दोन्हींत कच्च्या असलेल्या १० जणांचा मामला निराळा. तिथे आधी वाचन आणि हजेरी तपासावी. दोन्ही गटांना एकाच जादा तासाला बसवणे आम्हाला तरी पटत नाही.

९ हा आकडा मोठा की लहान? दोन विषयांचा एकमेकांशी काहीच संबंध नसता तर या घरात ३६ गुणिले ३० भागिले ८०, म्हणजे साधारण साडेतेरा मुले आली असती. आली ९. म्हणजे एका विषयात पक्के मूल बहुधा दुसऱ्यातही सावरते, आणि ही ९ मुले त्याला अपवाद आहेत. उलट घरात जवळपास ५ अपेक्षित होती, सापडले १.

पण रेषेवरची मुले फसवतात. ३५ गुणांचे मूल कच्चे आणि ३६ चे मधले, यात फरक एका गुणाचा. म्हणून गणिताची रेषा ३२ वर आणून पुन्हा मोजावे. ९ चे ८ झाले तर गट खरा आहे. ३ च उरले तर बाकीची काठावरची होती. वर्ग वीस-पंचवीस मुलांचा असेल, आणि लहान गावांत तो असतोच, तर टक्केवारी सोडून द्यावी आणि सरळ नावे लिहावीत. सहामाहीच्या तक्त्यातील नावे पूर्वपरीक्षेनंतर पुन्हा त्याच घरात आली, तर त्या मुलांच्या दोन्ही वेळच्या गणिताच्या उत्तरपत्रिका शेजारी ठेवून शिक्षकांबरोबर बसावे.