ॲपची चाचणी 28 टक्क्यांवर अडकलीय: पैसे देणाऱ्यांना खरं काय सांगायचं?

मोठी फाइल डाउनलोडला लावली की स्क्रीनवर आधी ‘12 मिनिटं बाकी’ दिसतं, थोड्या वेळानं ‘40 मिनिटं’, मग एकदम ‘6 मिनिटं’. फोन खोटं बोलत नसतो. तो गेल्या काही क्षणांचा वेग धरून उरलेला वेळ काढतो, आणि वेग बदलला की उत्तरही बदलतं.

आरोग्याच्या ॲपची नीट चाचणी चालू असते तेव्हा हाच प्रश्न येतो. फरक एवढाच की तिथे फाइलऐवजी माणसं असतात आणि उरलेला वेळ महिन्यांत मोजायचा असतो. शिवाय तो आकडा पैसे देणाऱ्या संस्थेला लेखी कळवावा लागतो. मी अशा चाचण्यांच्या आकडेवारीचं काम करते. या प्रगती अहवालात नेमकं काय लिहायचं आणि काय नाही, ते एका उदाहरणातून सांगते. उदाहरण आणि त्यातले आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण अडचणी अगदी नेहमीच्या आहेत.

समजा, बीपीच्या गोळ्यांची आठवण करून देणारं एक ॲप आहे. ते खरंच उपयोगी आहे का, हे बघायला 600 रुग्ण हवेत. निम्म्यांना ॲप, निम्म्यांना नेहमीचे उपचार, आणि कोण कुठल्या गटात हे नाणं उडवल्यासारखं ठरतं. सहा महिन्यांनी उरलेल्या गोळ्या मोजायच्या. ज्यानं निदान 80 टक्के गोळ्या घेतल्या तो ‘नियमित’. चार केंद्रं, महिन्याला 30 नोंदण्या, म्हणजे 20 महिन्यांत काम फत्ते, असा अर्ज मंजूर झाला. आज दहावा महिना संपलाय. नोंदणी 300 हवी होती, झालीय 168.

आधी ॲपचं काय ते सांगा!

पैसे देणाऱ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि इथेच सगळ्यात मोठा मोह असतो. नोंदणी 168 असली तरी निकाल तेवढ्यांचा हातात नाही. निकाल सहा महिन्यांनी मिळतो, म्हणजे पहिल्या चार महिन्यांत आलेल्यांचाच कळू शकतो. ते आहेत 46. त्यातले 5 जण परत आलेच नाहीत. उरले 41.

आता समजा त्या 41 जणांची गटवार फोड अशी आहे: ॲपवाल्या 20 पैकी 14 नियमित, दुसऱ्या गटातल्या 21 पैकी 10. एकीकडे 70 टक्के, दुसरीकडे 48. वाक्य आपोआप सुचतं: ‘ॲपमुळे 22 टक्क्यांचा फरक!’ पण इतक्या कमी लोकांवरून हिशेब केला तर खरा फरक उणे 7 पासून अधिक 52 पर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे ॲप जबरदस्त असेल, किंवा थोडं नुकसानही करत असेल. या आकड्यातून दोन्ही शक्यता सुटत नाहीत. तो 22 अहवालात छापला की तो पुढे सादरीकरणात जातो आणि मग जाहिरातीत जातो. मागची ती लांबलचक पट्टी मात्र कुणी सोबत नेत नाही.

दुसरी अडचण जास्त छुपी आहे. ॲपचा काहीही उपयोग नसला, तरी शेवटी एकदाच निकाल बघितला तर योगायोगानं ‘उपयोग झाला’ असं दिसण्याची शक्यता आपण 5 टक्क्यांवर बांधून ठेवलेली असते. पण मधेमधे समान अंतरानं पाच वेळा डोकावलं, आणि प्रत्येक वेळी तोच नियम लावला, तर ती शक्यता साधारण 14 टक्के होते. क्रिकेटमध्ये आपला संघ पुढे असेल त्या षटकाला मॅच संपवायची मुभा दिली, तर कमकुवत संघही जिंकायला लागेल. तसंच हे. म्हणून मधे बघायचंच असेल तर कधी बघणार, हे आधीच लिहून ठेवतात आणि तेव्हाची पट्टी फार कडक ठेवतात. ओब्रायन-फ्लेमिंग नावाच्या पद्धतीत, निम्म्या माहितीवर एकदा बघायचं ठरलं असेल तर त्या वेळची मर्यादा 5 टक्क्यांऐवजी जेमतेम अर्ध्या टक्क्याची असते. आमच्या उदाहरणात ती वेळ 300 जणांचा निकाल आल्यावरची आहे. 41 वर नाही.

आणि ती गटवार फाइल बघणार कोण? चाचणीबाहेरच्या तज्ज्ञांची एक स्वतंत्र समिती. चाचणी चालवणाऱ्यांनी किंवा पैसे देणाऱ्यांनी नाही. केंद्रावरच्या नर्सला ‘ॲपवाले पुढे आहेत’ असं कळलं, तर ती दुसऱ्या गटातल्या रुग्णांना जरा जास्तच आठवण करून देईल. ते माणूस म्हणून चांगलंच आहे, पण चाचणी बिघडली.

मग अहवालात निकालाबद्दल काहीच लिहायचं नाही का? लिहायचं, पण दोन्ही गट एकत्र करून. 41 पैकी 24 नियमित, म्हणजे सुमारे 59 टक्के. खरा आकडा साधारण 43 ते 74 मधे कुठेही. अर्जात आपण एकत्रित 56 टक्के धरले होते, तेव्हा अंदाज फार चुकलेला दिसत नाही. गळती 46 पैकी 5, म्हणजे 11 टक्के. अर्जात 10 धरली होती. पण इथेही खरी गळती 4 ते 24 टक्क्यांमधे कुठेही असू शकते, हे सोबत लिहायचं. बस्स. निकालाचा भाग एवढाच, आणि तो असा कोरडा दिसतो म्हणून कसंनुसं वाटून घेऊ नये.

उरले 432. किती महिने लागतील?

आता डाउनलोडवाला प्रश्न. तीन लोक तीन उत्तरं देतील.

पहिला म्हणेल, दहा महिन्यांत 168, म्हणजे महिन्याला 16.8; अजून 26 महिने. हे उगाच निराशाजनक आहे. चारही केंद्रं पहिल्या दिवशी उघडलीच नव्हती: एक पहिल्या महिन्यात उघडलं, दुसरं तिसऱ्या, तिसरं चौथ्या आणि शेवटचं थेट आठव्या महिन्यात. कुठे परवानगी अडकली, कुठे माणूस मिळेना. बंद दुकानाचे दिवस धरून विक्रीची सरासरी काढायची नसते.

दुसरा म्हणेल, आठव्या महिन्यात 27 नोंदण्या झाल्या की, तोच वेग धरा. 16 महिने पुरतील. हे गोड आहे आणि म्हणूनच धोक्याचं. नवं केंद्र उघडलं की डॉक्टरांच्या ओळखीचे जुने रुग्ण पटापट येतात. ते संपले की वेग उतरतो.

मी घेते ते शेवटचे तीन महिने, कारण चारही केंद्रं फक्त याच काळात चालू होती: 27, 16 आणि 20. मधला 16 दिवाळीच्या महिन्यातला आहे, आणि तो मी वगळत नाही, कारण दिवाळी पुढच्या वर्षीही येणार आहे. एकूण 63, महिन्याला 21. मोबाइलवरच्या शीटमध्ये तुम्हीही हे करून बघू शकता:

```
=432/21
=432/((63-2*SQRT(63))/3)
=432/((63+2*SQRT(63))/3)
```

पहिली ओळ देते साधारण 21 महिने. पुढच्या दोन ओळी नशिबाचा भाग मोजतात. 63 सारखी मोजणी पुन्हा केली तर ती वर्गमुळाच्या दुपटीइतकी, म्हणजे 16 नं, इकडेतिकडे होऊ शकते. त्यावरून उत्तर येतं 16 ते 28 महिने. अहवालात हे तिन्ही आकडे जातात. नुसते ‘21 महिने’ लिहिले तर ते वचन ठरतं.

या पट्टीला एक मर्यादा आहे. ती फक्त योगायोगाची चढउतार पकडते. एखादं केंद्रच बंद पडलं किंवा वेग हळूहळू उतरतच राहिला, तर ते या सूत्राला कळत नाही. म्हणून केंद्रवार तक्ता सोबत जोडायचा. त्यात सगळ्यात जुन्या केंद्राचा आकडा खाली सरकतोय का, हे वाचणाऱ्याला स्वतः दिसू दे.

आपलीच चाचणी अशी मागे पडली, असं मात्र कुणी समजू नये. ब्रिटनमध्ये 1994 ते 2002 दरम्यान सरकारी निधीतून झालेल्या 114 चाचण्या तपासल्या, तेव्हा ठरलेल्या आकड्यापर्यंत पोचलेल्या फक्त 31 टक्के निघाल्या. निम्म्याहून जास्त चाचण्यांना मुदतवाढ घ्यावी लागली होती. अर्ज लिहिताना डॉक्टरांना ‘तुमच्याकडे किती रुग्ण येतात?’ विचारलं की मोठा आकडा मिळतो, आणि चाचणी सुरू झाली की तेच रुग्ण गायब होतात. क्षेत्रातले लोक याला गमतीनं लसान्याचा नियम म्हणतात.

माणसं कुठे गळतात

ही गळती कुठे होते, ते सांगितल्याशिवाय नवा अंदाज अर्धवट राहतो. उदाहरणात 480 जणांना विचारलं, 168 आले. न आलेल्या 312 पैकी 80 जणांनी नको म्हटलं, 90 जण लांब राहणारे होते, आणि तब्बल 142 जणांकडे स्वतःचा स्मार्टफोन नव्हता. फोन घरात होता, पण मुलाच्या नाहीतर सुनेच्या हातात. आपल्याला हे विचित्र वाटतं, पण साठीच्या पुढच्या रुग्णांमधे ते सर्रास आहे.

इथे एक शॉर्टकट सुचतो: ‘घरातला फोन चालेल’ असा नियम बदला, नोंदणी वाढेल. वाढेलही. पण मग आठवण मुलाला जाणार, रुग्णाला नाही. म्हणजे आपण वेगळंच ॲप तपासायला लागलो. असा बदल करायचाच तर आधी नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि अहवालात ‘नियम बदलला’ हे ठळक लिहावं लागतं. नाही बदलला, तर हे लिहावं लागतं की निकाल स्वतःचा फोन असलेल्यांनाच लागू होईल.

पैसे देणाऱ्यांसमोर काय ठेवायचं

काहीच न बदलता मूळ मुदतीतच थांबलो, तर आणखी 210 जण येतील, एकूण 378. ॲपमुळे नियमित लोक खरोखर 50 वरून 62 टक्के होत असतील, तर 600 जणांच्या चाचणीत तो फरक पकडला जाण्याची शक्यता सुमारे 80 टक्के होती. 378 मधे ती 61 वर येते. म्हणजे चांगलं ॲप असूनही ‘फरक सिद्ध झाला नाही’ असं म्हणायची वेळ दहापैकी जवळपास चारदा येईल.

दोन केंद्रं वाढवली आणि ती उघडायला पाच महिने धरले, तर नोंदणी साधारण 16 महिन्यांत संपते. इथे पाच मी मुद्दाम धरलेत. चौथ्या केंद्रानं किती वेळ घेतला ते वर दिलंच आहे. तिसरा रस्ता म्हणजे आहे तसं चालू ठेवून नोंदणीची मुदत 11 महिन्यांनी वाढवून मागणे. तिन्हींपुढे खर्च लिहायचा, आणि आपल्याला कुठला बरा वाटतो तेही. मी दोन नव्या केंद्रांचा मागेन. पण ती पाच महिन्यांत उघडली नाहीत तर पुढे काय, हे त्याच पानावर असलं पाहिजे.

तुम्हाला अशा चाचण्या बघायच्या असतील तर भारतातली नोंदवही सगळ्यांना खुली आहे: ctri.nic.in. एखादं ॲप ‘चाचणी झालेलं’ म्हणत असेल, तर तिथे ते शोधा. किती लोक घ्यायचे होते, पहिला सहभागी कधी आला, चाचणीला किती काळ लागेल असं म्हटलं होतं आणि नोंदणी चालू आहे की संपली, हे त्या पानावर असतं. त्यातला लोकांचा आकडा आणि ॲपच्या जाहिरातीतला आकडा शेजारी ठेवून बघा.