एका ‘म्हणे’ची किंमत

माझी आत्या पुण्याच्या आमच्या वाड्यातले चालतेबोलते वर्तमानपत्र होती. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचे लग्न मोडले, कोणाच्या मुलाने नोकरी सोडली, सगळी वार्ता तिच्यापाशी. पण तिचा एक नियम होता. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले नसेल तर वाक्यात ‘म्हणे’ घातल्याशिवाय ती पुढे जात नसे. “जोशांच्या थोरल्याने म्हणे पेढीवरचे पैसे उचलले,” असे ती सांगायची आणि लगेच पुस्ती जोडायची, “म्हणे हं! मी पाहायला गेले नव्हते.” आम्ही मुले तिच्या या ‘म्हणे’ची नक्कल करून खूप हसत असू. त्याच ‘म्हणे’पायी पुढे पॅरिसमध्ये माझ्यावर रडायची पाळी येईल असे तेव्हा कोणी सांगितले असते, तर मी त्यालाही हसलेच असते!

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले, लग्न होऊन पॅरिसला गेले, आणि १९९६ च्या सुमारास तिथल्या एका वृत्तसंस्थेच्या इंग्रजी विभागात मला रात्रपाळीचे काम मिळाले. काम ऐकायला अगदी सोपे. पहाटे फ्रेंच वर्तमानपत्रांची पहिली पाने यायची, त्यांतले मथळे इंग्रजीत करून परदेशी ग्राहकांना पाठवायचे. एका मथळ्याला जागा फार तर साठ अक्षरांची, आणि त्यात शब्दांमधली मोकळी जागाही धरलेली. मला वाटले, दोन-चार शब्दांचे भाषांतर, त्यात काय कठीण? लांब लेखाचे भाषांतर त्या मानाने सोपे असते, हे कळायला आठवडाच लागला. लेखात एक वाक्य चुकले तर पुढचे वाक्य त्याला सावरून घेते. मथळ्याला असा सोबती कोणी नसतो.

पहिली अडचण क्रियापदांची. फ्रेंच मथळ्याला क्रियापद नसले तरी चालते. ‘देमिस्यों द्यु मिनिस्त्र’, म्हणजे ‘मंत्र्यांचा राजीनामा’. ‘अँसांदी आ लिआँ : त्र्वा मॉर’, म्हणजे ‘लिआँत आग : तिघे ठार’. पाहा, मराठीत हे किती सहज उतरले! आपले मथळे आणि फ्रेंच मथळे एकाच मुशीतले. मी मनात म्हटले, आपण मराठी माणसे या कामासाठीच जन्माला आलो आहोत.

पण इंग्रजीला तो आळस खपत नाही. ‘रेझिग्नेशन ऑफ द मिनिस्टर’ असे लिहिले की तो बातमीचा मथळा न राहता जाड पुस्तकातल्या एखाद्या प्रकरणाचे नाव वाटते. तिथे ‘मिनिस्टर रिझाइन्स’ असे खणखणीत क्रियापद हवे. आणि गंमत अशी की घटना कालची असली तरी क्रियापद वर्तमानकाळी! उद्या घडणार असेल तर ‘मिनिस्टर टु रिझाइन’. म्हणजे ‘टु’ लावला की भविष्यकाळ झाला. ‘थ्री किल्ड’ म्हटले की ‘तिघे मारले गेले’, कारण मधले सहायक क्रियापद जागेसाठी गाळलेले असते.

आता खरी मेख इथे आहे. ‘मंत्र्यांचा राजीनामा’ या शब्दांना काळच नाही. राजीनामा दिला, की उद्या देणार, की नुसताच मागितला गेला? फ्रेंच उपसंपादक नामाच्या आडोशाला बसून मोकळा होतो. इंग्रजी करणाऱ्याला मात्र काळ निवडावाच लागतो, आणि तो मथळ्यात सापडत नाही. खालची बातमी वाचावी लागते. ‘व्हेर यून ओस द्यु प्री द्यु पँ’ असा एक मथळा आला होता. शब्दशः ‘पावाच्या दरवाढीकडे’. मी ‘ब्रेड प्राइस टु राइज’ असे ठोकून दिले. आमचे मुख्य उपसंपादक एक वयस्कर इंग्रज गृहस्थ होते. ते म्हणाले, “बाई, ‘व्हेर’ म्हणजे ‘कडे’. गाडी त्या दिशेने निघाली आहे. पोहोचेलच असे कोणी म्हटलेले नाही.” त्यांनी ‘टु’ खोडून ‘मे’ केला. मराठीत आपण काय केले असते? ‘पाव महागणार?’ असे लिहून एक प्रश्नचिन्ह दिले असते. काम तेच.

असे शिकत शिकत तीन महिने गेले आणि माझ्या हाताला चटपटीतपणा आला. आला तो नको इतका! एका पहाटे एका प्रांतिक पत्राचा मथळा पुढे आला : ‘कांतीन : ल मेर ओरे देतुर्ने दऽ सां मिल फ्रां’. एका लहानशा गावचे महापौर, शाळेतल्या मुलांच्या जेवणाचा निधी आणि दोन लाख फ्रँकची रक्कम. घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटे कमी. मी क्षणात लिहिले : ‘मेअर स्टील्स स्कूल लंच मनी’. ‘महापौराने मुलांच्या जेवणाचे पैसे चोरले.’ वर्तमानकाळ बरोबर, शब्द आखूड, अक्षरे अवघी एकतीस. स्वतःवरच खूष होऊन मी तो पाठवूनही दिला.

चार-पाच मिनिटांत इंग्रज साहेब कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले. रागावले नव्हते, पण चेहरा उतरला होता. त्यांनी ‘ओरे’ या शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, “हे कुठे गेले?”

वाचकहो, ‘आ देतुर्ने’ म्हणजे ‘पैसे वळवले’. ‘ओरे देतुर्ने’ याचा व्याकरणाच्या पुस्तकातला अर्थ ‘वळवले असते’. फ्रेंचमध्ये हे संकेतार्थी रूप आहे. ‘जर तर’च्या वाक्यात ते येते. पण वर्तमानपत्रात, जवळपास कुठे ‘जर’ नसताना ते आले, तर त्याचा अर्थ अगदी निराळा : ‘वळवले असे कळते, आम्ही खात्री केलेली नाही.’ थोडक्यात, माझ्या आत्याचा ‘म्हणे’! फ्रेंच माणूस तो क्रियापदाच्या पोटात दडवतो. इंग्रजी क्रियापदाला असे पोट नाही, म्हणून नवशिका एक तर ‘वुड हॅव स्टोलन’ असे निरर्थक काहीतरी लिहितो, नाही तर माझ्यासारखा तो ‘म्हणे’ गिळून टाकतो. पहिली चूक वाचताक्षणी डोळ्यांत भरते. दुसरी भरत नाही, कारण वाक्य छान वाटते.

“मग ‘अॅक्यूज्ड’ लिहू का?” मी घाईघाईने विचारले.

“आरोप कोणी केला?” ते म्हणाले. “बातमी वाचलीत?”

मी वाचली नव्हती. आरोप कोणीच केला नव्हता. हिशेबतपासनिसाचा एक अहवाल होणार होता, आणि त्यात असे असे आहे अशी कुणकुण त्या पत्राला लागली होती, एवढेच. ‘अॅलेजेडली’ हा शब्द कायद्याने ठीक, पण साठ अक्षरांत तो एकटाच ऐसपैस मांडी घालून बसतो. शेवटी साहेबांनी लिहिले : ‘मेअर डायव्हर्टेड स्कूल लंच मनी, पेपर सेज’. शेवटचे दोन शब्द म्हणजे ‘असे एक पत्र म्हणते’. हा झाला ‘म्हणे’. ब्रिटिश पत्रांत शंकास्पद शब्द एकेरी अवतरणात टाकूनही हेच साधतात. भूकंपात ‘दोनशे ठार झाल्याचे कळते’ असे फ्रेंचने सांगितले, तर इंग्रजी ‘टू हंड्रेड फिअर्ड डेड’ म्हणून सुटते. प्रत्येक वेळी वाट नवी शोधायची, पण ‘म्हणे’ हरवू द्यायचा नाही.

आणि ‘स्टील्स’च्या जागी ‘डायव्हर्टेड’ का? “‘देतुर्ने’ म्हणजे मूळ अर्थाने वळवणे,” साहेब म्हणाले. “खिशाकडे वळवले की दुसरीकडे, ते अजून कोणाला ठाऊक आहे?”

माझा मथळा मागे घेत असल्याची सूचना तत्काळ गेली. तरी परदेशातल्या एका पत्राची पहिली आवृत्ती त्यासकट छापून झाली होती. पुढे काही महिन्यांनी चौकशीचा निकाल लागला. महापौरांनी जेवणाचा निधी शाळेच्या गळक्या छपरासाठी वापरला होता. नियमबाह्य खरेच, त्यांना समज मिळाली. पण एक फ्रँकही घरी गेला नव्हता. निकालानंतर आमच्या कचेरीत त्यांच्या मुलीचे चार ओळींचे पत्र आले. ती त्या परदेशात शिकत होती, आणि तो मथळा तिला तिच्या वर्गातल्या मुलींनी दाखवला होता. शेवटी लिहिले होते, “आमच्या गावच्या पत्राने माझ्या वडिलांना संशयाचा फायदा दिला होता. आपण तो काढून घेतलात.” ते पत्र मी अजून जपून ठेवले आहे.

यानंतर मी मथळ्यांना भ्यायला लागले असे नाही. उलट शब्दांच्या कोट्यांनी मला पुढे पुष्कळ आनंद दिला. पण त्यांच्याकडेही मी त्याच दृष्टीने पाहू लागले : मूळ वाचकाला काय ठाऊक आहे, आणि माझ्या वाचकाला काय नाही?

फ्रान्समधला सर्वांत प्रसिद्ध असा विनोदी मथळा १९७० चा. त्या वर्षी १ नोव्हेंबरला एका नृत्यगृहाला आग लागून जवळजवळ दीडशे माणसे, बहुतेक तरुण, मरण पावली. ९ नोव्हेंबरला कोलोंबे या गावी आपल्या घरी जनरल द गोल वारले. ‘हाराकिरी’ या टवाळ साप्ताहिकाने मथळा दिला : ‘बाल त्राझिक आ कोलोंबे : अं मॉर’. ‘कोलोंबेत नृत्यप्रसंगी दुर्घटना : एक ठार’. कोलोंबेत नाच नव्हता आणि दुर्घटनाही नव्हती. दीडशे जिवांच्या बातमीचा साचा एका थोर म्हाताऱ्याच्या मरणावर बसवला होता. सरकारने साप्ताहिकावर बंदी आणली, आणि तीच मंडळी ‘शार्ली एब्दो’ या नावाने पुन्हा उभी राहिली. याचे इंग्रजी ‘ट्रॅजिक बॉल’ असे केले तर वाचकाला वाटेल, चेंडूला काहीतरी झाले! इंग्रजी पत्रांतला अपघाताचा ठरीव साचाच घ्यायला हवा : ‘कोलोंबे डान्स ट्रॅजेडी : वन डेड’. तरीही आगीची बातमी खाली एका ओळीत सांगावीच लागते. ती ठाऊक नसेल तर हसू येत नाही आणि शहाराही येत नाही.

दुसरा नमुना २०१२ चा. २००८ साली कृषिप्रदर्शनात हात मिळवायला नकार देणाऱ्या एका माणसाला अध्यक्ष सार्कोझी ‘कास-त्वा, पोव कों’ असे म्हणाले होते. ‘चालता हो’ आणि पुढे एक शिवी. तिच्यातला ‘पोव’ म्हणजे ‘बापडा’ही आणि ‘गरीब’ही. चार वर्षांनी बडे उद्योगपती बेर्नार आर्नो यांनी बेल्जियमचे नागरिकत्व मागितल्याचे कळले, तेव्हा ‘लिबेरास्यों’ने त्यांच्या छायाचित्रावर छापले : ‘कास-त्वा, रिश कों’. गरिबाच्या जागी श्रीमंत, बस्स! इंग्रजीतल्या ‘पुअर’ला सुदैवाने तेच दोन अर्थ आहेत. पण इंग्रजी वाचकाला २००८ चे वाक्यच पाठ नसते, म्हणून नुसते ‘गेट लॉस्ट, रिच फूल’ म्हणजे निव्वळ शिवीगाळ ठरते. तिथे कोटी सोडून द्यावी आणि ‘उद्योगपतीवर पत्राची माजी अध्यक्षांच्याच शब्दांत टीका’ असे सरळ सांगावे, हे शहाणपण. सगळेच नेता येत नाही. काय टाकले हे मात्र आपल्याला माहीत हवे.

परवा पुण्याला आले होते. आत्या आता नाही. शेजारच्या नव्या सूनबाई फराळाचे ताट घेऊन आल्या आणि बसल्या बसल्या म्हणाल्या, “काकू, कळलं का? वरच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीचे पैसे खाल्ले!”

मी चकलीचा तुकडा मोडता मोडता विचारले, “खाल्ले, की म्हणे खाल्ले?”

त्या क्षणभर माझ्याकडे बघतच राहिल्या. मग जरा ओशाळून म्हणाल्या, “म्हणे.”